आवाज बंद करून

मासवणच्या शाळेत बाईंनी बाष्पीभवनाचा धडा व्हिडिओसाठी लिहायला घेतला. वहीचे पान उभे दुमडले: डावीकडे दृश्य, उजवीकडे आवाज. धडा जसाच्या तसा उतरवल्याने उजवी बाजू भरून गेली. डावीकडे फक्त ‘सूर्या नदी’.

मोबाइलवर चित्रण करून त्यांनी ते वर्गात आवाज बंद ठेवून दाखवले. “काय कळलं?”

मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “नदी दिसली, बाई. पाणी कुठं गेलं ते नाय दिसलं.”

त्या रात्री बाईंनी पुन्हा लिहिले. दृश्य 1: दोन सारख्या ताटल्यांत एकेक पेला पाणी, एक उन्हात, दुसरी सावलीत. दृश्य 2: दुपारी त्याच ताटल्या. आवाज: “उन्हातलं पाणी कुठे गेलं?” मग 10 सेकंद शांतता. ‘उन्हाने पाणी लवकर आटते’ हे वाक्य त्यांनी खोडले, ते चित्रच सांगत होते. हवेत मिसळलेली वाफ मात्र दिसत नाही. म्हणून ते वाक्य आणि परीक्षेत लागणारा ‘बाष्पीभवन’ हा शब्द शेवटी आवाजासाठी ठेवला.

पुन्हा आवाजाविना व्हिडिओ लागला. तीच मुलगी उठली.

“उन्हानं पाणी नेलं. पण कुठं?”

बाईंनी आवाज चालू केला.