स्वस्त औषध आणि गरिबाचा संशय

सरकारी रुग्णालयात रोग्याचे महागडे इंजेक्शन तिसऱ्या दिवशी बंद होते, त्याच्या जागी साधे इंजेक्शन आणि मग गोळ्या येतात, आणि सातव्या दिवशी त्याही थांबवल्या जातात. अशा वेळी नातेवाईक कार्यकर्त्याकडे धाव घेतात. कार्यकर्ता चार माणसे घेऊन अधीक्षकांच्या दारात उभा राहतो. त्याचा प्रश्न ठरलेला असतो : श्रीमंताला चौदा दिवस भारी औषध मिळते, मग गरिबाला सात दिवसांत हलके औषध देऊन वाटेला का लावता? हा संशय निराधार आहे असे कोणी म्हणू नये. गरिबाच्या वाट्याला कमअस्सल ते येते, हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. परंतु अँटिबायोटिकच्या बाबतीत महाग आणि चांगले यांची सांगड चुकीची ठरते. पुष्कळदा औषध बदलणारा आणि थांबवणारा डॉक्टरच रोग्याचे अधिक हित पाहत असतो. मात्र तसे करण्यासाठी त्याच्या हाती एक कागद असावा लागतो. लढा द्यायचा तर तो या कागदासाठी द्यायला हवा.

हे नीट समजण्यासाठी एक कल्पित, परंतु कोणत्याही वॉर्डात नित्य दिसणारे उदाहरण घेऊ. अठ्ठावन्न वर्षांची एक शेतमजूर बाई हुडहुडी भरून आलेल्या तापाने आणि कमरेच्या एका बाजूला असह्य दुखत असल्याने रात्री दाखल होते. बोलणे असंबद्ध आहे, रक्तदाब ८४ वर ५० इतका उतरला आहे. मूत्रपिंडाचा संसर्ग रक्तात पसरला असावा, असे डॉक्टरांना वाटते. जंतू कोणता आणि तो कोणत्या औषधाला दाद देईल, हे त्या क्षणी कोणालाच ठाऊक नसते. आणि थांबून पाहण्याची सवड नसते. म्हणून मेरोपेनेमसारखे, बहुतेक जंतूंवर चालणारे व्यापक औषध तासाभरात सुरू केले जाते. आपल्याकडे अशा संसर्गांत साध्या औषधांना न जुमानणारे जंतू वारंवार आढळतात, म्हणून ही पहिली निवड रास्तच होय.

परंतु पहिली मात्रा देण्यापूर्वी पाच मिनिटांचे एक काम करायचे असते. दोन्ही हातांच्या शिरांतून, त्वचा जंतुनाशकाने नीट पुसून आणि ती वाळू देऊन, वेगवेगळे रक्त घ्यायचे आणि कल्चरच्या बाटल्यांत प्रत्येकी आठ ते दहा मिलिलिटर भरायचे. लघवीचाही नमुना घ्यायचा. औषध शरीरात गेल्यावर घेतलेल्या रक्तात जंतू बहुधा वाढत नाहीत. मग अहवाल ‘वाढ नाही’ असा येतो आणि डॉक्टर पुढचे सर्व दिवस अंधारात चालतो. दोन ठिकाणचे रक्त घेण्यालाही कारण आहे. एकाच बाटलीत त्वचेवरचा निरुपद्रवी जंतू उगवला तर तो सुईबरोबर आत गेला असण्याचा संभव मोठा. तोच दोन्हीकडे उगवला तर गोष्ट निराळी. आणखी एक साधी चूक अनेक ठिकाणी घडते. लघवी दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचणार नसेल तर ती थंडीत ठेवावी लागते, रक्ताची बाटली मात्र कधीही फ्रीजमध्ये ठेवायची नसते. दोन्ही नमुने एकाच फ्रीजमध्ये रात्रभर ठेवले, तर रक्ताच्या तपासणीवर पाणी पडू शकते.

आता बाईच्या अहवालाकडे वळू. दुसऱ्या दिवशी रक्तात जंतूंची वाढ दिसते. तिसऱ्या दिवशी जंतूचे नाव कळते : ई. कोलाय. प्रयोगशाळेत या जंतूचा थर बशीवर पसरून त्यावर निरनिराळ्या औषधांच्या चकत्या ठेवलेल्या असतात. चकतीभोवती जंतू न उगवलेले वर्तुळ किती मिलिमीटरचे, हे मोजून ते औषध चालेल की नाही ते ठरते. या बाईचा जंतू सिप्रोफ्लॉक्सॅसिनला दाद देत नाही, परंतु सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला आणि को-ट्रायमोक्सॅझोलला देतो. एव्हाना ताप उतरला आहे, रक्तदाब सावरला आहे, सोनोग्राफीत खडा, अडथळा किंवा पूचा साठा नाही. म्हणून मेरोपेनेम बंद करून दिवसातून एकदा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सुरू होते. पाचव्या दिवशी बाई जेवू लागते. मूत्रपिंडाचे काम आणि रक्तातील पोटॅशियम तपासून तिला को-ट्रायमोक्सॅझोलच्या गोळ्या दिल्या जातात. सातव्या दिवशी औषध संपते.

या प्रत्येक पायरीवर औषध अरुंद होत गेले. दुबळे मात्र झाले नाही. ज्या जंतूला साधे औषध मारते, त्याला भारी औषध अधिक मारत नाही. एके ठिकाणी तर उलटेच घडते. रक्तात साधा स्टॅफिलोकोकस ऑरियस सापडला, म्हणजे मेथिसिलिनला दाद देणारा, तर व्हँकोमायसिनपेक्षा सेफाझोलिन किंवा क्लॉक्सॅसिनच्या जातीचे जुने औषध सरस ठरते. तेथे भारी औषध चालू ठेवणे हा रोग्यावर अन्याय आहे.

व्यापक औषधाची किंमत निराळ्या जागी मोजावी लागते. शिरेतून दिलेले औषध फक्त मूत्रपिंडातील जंतूपर्यंत जात नाही. आतड्यात, त्वचेवर, घशात वस्तीला असलेल्या असंख्य निरपराध जंतूंवरही ते रोज कोसळते. त्यांतले नरम मरतात, प्रतिकारक उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत वाढतात. प्रतिकाराची जनुके ते शेजारच्या जंतूंनाही देतात. पुढचा संसर्ग बहुधा याच उरलेल्यांतून येतो, त्याच रोग्याला किंवा शेजारच्या खाटेवरील माणसाला. औषध लिहिणाऱ्याला या नुकसानीचे बिल येत नाही, विकणाऱ्यालाही येत नाही. ते गावावर पडते. गायरानाचा प्रत्येकाने मनमुराद वापर केला की गायरान उरत नाही. मेरोपेनेमचे तसेच आहे.

‘कोर्स पूर्ण करा, नाहीतर जंतू शिरजोर होतील’ हे वाक्य मात्र सर्वांच्या मनात पक्के बसले आहे. १९४५ च्या नोबेल व्याख्यानात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी घसादुखीवर अपुरे पेनिसिलिन घेणाऱ्या आणि त्यामुळे स्ट्रेप्टोकोकस प्रतिकारक करून ठेवणाऱ्या एका कल्पित गृहस्थाचे उदाहरण दिले होते. गंमत अशी की घशाचा तो स्ट्रेप्टोकोकस अजूनही पेनिसिलिनला प्रतिकारक झालेला नाही. त्या वाक्यात सत्य आहे ते क्षयरोगापुरते. क्षयाचे जंतू सावकाश वाढतात, संख्येने अफाट असतात आणि औषध अर्धवट सोडले तर त्याच जंतूंमधून प्रतिकारक निपजतात. क्षयाचा उपचार एक दिवसही आधी सोडू नये, हे कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत सांगितले ते योग्यच होते. परंतु ई. कोलायच्या बाबतीत धोका मुख्यतः आतड्यातील त्या इतर जंतूंकडून येतो, आणि तो औषधाच्या प्रत्येक जादा दिवसाबरोबर वाढतो.

सात दिवस पुरतात याला पुरावा आहे. ‘बॅलन्स’ या नावाने सात देशांत झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रक्तसंसर्गाच्या ३,६०८ रोग्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागून सात किंवा चौदा दिवस औषध देण्यात आले. नव्वद दिवसांत सात दिवसवाल्यांतील १४.५ टक्के आणि चौदा दिवसवाल्यांतील १६.१ टक्के दगावले. जादा आठवड्याने कोणाचे प्राण वाचल्याचे दिसले नाही.

परंतु या निष्कर्षाला कुंपण आहे, आणि ते ओलांडणे घातक ठरेल. स्टॅफिलोकोकस ऑरियसचे रोगी या चाचणीत नव्हते. तो रक्तात आढळल्यास किमान चौदा दिवस लागतात. हृदयाच्या झडपेच्या संसर्गाला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. पू साचला असेल आणि तो काढला नसेल, तर दिवस मोजण्यात अर्थ नाही. चौथ्या दिवशीही ताप हटत नसेल, तर त्यावर आणखी एक औषध चढवण्यापूर्वी पुन्हा सोनोग्राफी करून कोठे पू किंवा अडथळा आहे का ते शोधावे लागते. आणि थांबवण्याचा निर्णय डॉक्टरनेच घ्यायचा असतो. बरे वाटले म्हणून रोग्याने गोळ्या परस्पर बंद करणे, ही निराळी गोष्ट झाली.

मग हे सर्वत्र का होत नाही? कारण अहवाल नसेल तर औषध अरुंद करण्याचे धाडस कोणताही प्रामाणिक डॉक्टर करणार नाही. तो भारी औषध चालू ठेवील, आणि त्याला दोष देता येणार नाही. नफ्याच्या बाजारात कल्चर एकदाच विकले जाते, इंजेक्शन दिवसातून तीनदा. मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ लागू आहे. तिच्यातील अँटिबायोटिक विकताना औषध दुकानदाराला स्वतंत्र नोंदवही ठेवावी लागते. विक्रीवर अंकुश म्हणून तिचा उपयोग आहे. परंतु वॉर्डातील औषध कधी बदलावे आणि कधी थांबवावे, हे ती नोंदवही सांगू शकत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा हवी. तालुक्याच्या रुग्णालयात रक्ताच्या बाटल्या हव्यात, त्या त्याच दिवशी जिल्ह्याला नेणारी गाडी हवी, तेथे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचे पद भरलेले हवे, आणि जंतू दिसताच वॉर्डाला फोन करण्याची शिस्त हवी. सहाव्या दिवशी पोहोचलेला अहवाल म्हणजे रद्दी.

येथे कार्यकर्त्याचे काम सुरू होते. अधीक्षकांच्या दारात त्याने प्रश्न विचारावेतच, परंतु वेगळे विचारावेत. पहिल्या मात्रेपूर्वी दोन्ही हातांचे रक्त घेतले का? अहवाल कोणत्या दिवशी आला? तो पाहून औषध बदलले का, नसेल तर का नाही? औषध थांबवण्याची तारीख केसपेपरवर लिहिली आहे का? या प्रश्नांना ‘कल्चरची सोयच नाही’ असे उत्तर मिळाले, तर मोर्चा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या आणि अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्यांच्या दारात न्यावा. आणि उत्तरे समाधानकारक असतील, तर त्या बाईच्या मुलाला बाजूला घेऊन समजवावे की आईचे औषध हलके केले ते ती गरीब आहे म्हणून नव्हे. तिचा जंतू कोणता हे रुग्णालयाने शोधून काढले म्हणून.