मोगऱ्याच्या बाटलीत काय होतं?

गेल्या पावसाळ्यात सासूबाईंचे गुडघे फार दुखत होते. कुणीतरी भेट दिलेली मोगऱ्याच्या तेलाची बाटली घरात पडून होती. पुढच्या बाजूला पांढऱ्या कळ्यांचं चित्र आणि ठळक अक्षरांत ‘100% प्युअर मोगरा अरोमा ऑइल’. तेल शुद्ध आहे, वासही छान आहे, मग चोळायला काय हरकत, असं म्हणून त्यांनी चार रात्री ते तसंच गुडघ्यांवर चोळलं. पाचव्या दिवशी गुडघ्यापासून नडगीपर्यंत कातडी लाल झाली, बारीक पुरळ उठलं, खाज थांबेना.

त्वचारोगतज्ज्ञांनी पाय पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “या तेलात काय काय आहे?” मी बाटली उलटी केली. मागे किंमत होती, 10 मिली असं वजन-माप होतं, उत्पादनाचा महिना होता, पत्ता आणि ग्राहक सेवेचा क्रमांक होता. आत काय आहे, याबद्दल एक शब्दही नव्हता. मलमाने पुरळ आठवड्यात बसलं. पण यापुढे नेमकं काय टाळायचं, हे डॉक्टर सांगू शकले नाहीत, कारण त्वचेला काय बाधलं तेच कळायला मार्ग नव्हता.

तेव्हापासून अशा बाटल्यांची मागची बाजू मी आधी वाचते. दुकानात एकाच फळीवर, एकाच आकाराच्या गडद काचेत तीन अगदी वेगळ्या वस्तू ठेवलेल्या असतात. पहिली इसेन्शियल ऑइल. वनस्पतीचं फूल, पान, साल किंवा मूळ वाफेवर ठेवून जो सुगंधी अंश निघतो तो, किंवा संत्र्या-लिंबाच्या सालीतून दाबून काढलेलं तेल. दुसरी फ्रॅग्रन्स ऑइल. म्हणजे कारखान्यात जुळवलेला सुवास. त्यात कृत्रिम सुगंधी रसायनं असतात, कधी थोडा नैसर्गिक अर्कही असतो, आणि ते सारं डायप्रोपिलीन ग्लायकॉलसारख्या पातळ द्रवात मिसळलेलं असतं. तिसरी ब्लेंड. यात इसेन्शियल ऑइलचे थोडे थेंब बदाम, होहोबा किंवा खोबरेलापासून काढलेल्या पातळ तेलात घातलेले असतात. काही ब्लेंडमध्ये इसेन्शियल ऑइलऐवजी किंवा त्याच्या जोडीला फ्रॅग्रन्सही असतो.

फ्रॅग्रन्स ऑइल म्हणजे विष नव्हे. साबण, मेणबत्ती, उदबत्ती यांना वर्षानुवर्षं तेच वास देत आलं आहे, आणि नैसर्गिक तेल तरी त्वचेला बाधत नाही असं थोडंच आहे? माझी तक्रार एवढीच आहे की तिन्हींच्या पुढच्या बाजूला ‘प्युअर’ हाच शब्द असतो. फ्रॅग्रन्स ऑइलमध्ये दुसरं काही मिसळलं नसेल, तर ‘100% प्युअर फ्रॅग्रन्स ऑइल’ हे शब्द खोटेही ठरत नाहीत. शुद्ध आहे, पण काय शुद्ध आहे? ‘अरोमा ऑइल’ हे नाव तर तिन्हींना चालतं. ‘थेरप्युटिक ग्रेड’ ही प्रतवारी कुठलीही सरकारी किंवा स्वतंत्र संस्था देत नाही, ते विकणाऱ्याचे शब्द आहेत.

आता मोगऱ्याचंच पाहू. मोगऱ्याचं फूल इतकं नाजूक आहे की वाफेच्या उष्णतेत त्याचा सुवास बिघडतो आणि तेल जवळजवळ हाती लागत नाही. म्हणून सुगंध-व्यवसायात हेक्झेनसारख्या द्रावकाने त्याचा अर्क काढतात आणि त्याला ‘अॅब्सोल्यूट’ म्हणतात. पुष्कळ फुलांमागे थोडाच अर्क मिळत असल्यामुळे तो अतिशय महाग असतो. कनौजला तांब्याच्या डेगमध्ये फुलं उकळून त्यांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात, ते मोगऱ्याचं अत्तर. तीही वेगळीच वस्तू. हे ठाऊक असलं की दीड-दोनशे रुपयांच्या बाटलीवर ‘शुद्ध मोगरा इसेन्शियल ऑइल’ वाचताच मनात शंका यायला हवी. स्ट्रॉबेरी, आंबा, कलिंगड यांचं इसेन्शियल ऑइल तर नसतंच. त्या नावाची बाटली म्हणजे फ्रॅग्रन्स ऑइल, मग पुढे काहीही छापलेलं असो.

फसगत जास्त होते ती लॅव्हेंडरमध्ये, कारण त्याचं खरं तेल वाफेवर उत्तम निघतं आणि नक्कलही सोपी असते. खरं तेल आपल्या देशातही होतं, जम्मूतल्या भद्रवाहच्या शेतांवर लॅव्हेंडर पिकतं. मी मुद्दाम तीन बाटल्या विकत आणल्या, प्रत्येकी 10 मिलीच्या, आणि टेबलावर ओळीने मांडल्या.

पहिली 160 रुपयांची. पुढे ‘लॅव्हेंडर अरोमा ऑइल’, मागे बारीक अक्षरांत ‘डिफ्युझरसाठी’ आणि ‘सुगंधी संयुगे’. वनस्पतीचं शास्त्रीय नाव नाही, तेल कसं काढलं तेही नाही. ही फ्रॅग्रन्स ऑइलची बाटली. खोलीला वास द्यायला ती चालेल, अंगाला लावायची नाही.

दुसरी 420 रुपयांची. तिच्या मागे ‘लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलिया’ हे पूर्ण शास्त्रीय नाव, ‘फुलोरा’ हा वनस्पतीचा भाग, ‘स्टीम डिस्टिल्ड’ ही पद्धत, मूळ देश, बॅच क्रमांक आणि ‘पातळ केल्याशिवाय त्वचेवर लावू नये’ ही सूचना. शास्त्रीय नाव पूर्ण असणं इथे महत्त्वाचं आहे. लॅव्हँडिन नावाची संकरित जात तेल जास्त देते, स्वस्तही पडते, पण तिच्यात कापराचा अंश अधिक असतो. नुसतं ‘लॅव्हेंडर’ लिहिलं की आत दोन्हींपैकी कुठलंही असू शकतं.

तिसरी 350 रुपयांची, रोल-ऑन. पुढे ‘लॅव्हेंडर ड्रीम ब्लेंड’. मागे घटकांची यादी होती: कॅप्रिलिक/कॅप्रिक ट्रायग्लिसराइड, होहोबा तेल, लॅव्हेंडर तेल 5 टक्के, लिनालूल. पहिलं लांबलचक नाव म्हणजे खोबरेलासारख्या तेलापासून केलेलं पातळ, वास नसलेलं तेल. लिनालूल वाचून घाबरू नये. लॅव्हेंडरमध्ये ते निसर्गतःच असतं आणि काहींना त्याची अॅलर्जी होते, म्हणून युरोपच्या नियमांनुसार ठरावीक प्रमाणापलीकडे ते नावानिशी छापावं लागतं. त्याचं नाव दिसलं म्हणजे कुणी रसायन मिसळलं असा अर्थ होत नाही.

या तिसऱ्या बाटलीचा हिशेब करू. 10 मिलीच्या 5 टक्के म्हणजे अर्धा मिली लॅव्हेंडर. दुसऱ्या बाटलीच्या भावाने मिलीला 42 रुपये पडतात, म्हणजे या रोल-ऑनमध्ये 21 रुपयांचं लॅव्हेंडर आहे. बाकीचे पैसे कॅरियर तेलाचे, बाटलीचे आणि तयार मिळण्याच्या सोयीचे. उत्पादकाने टक्केवारी छापली आहे, तेव्हा याला मी फसवणूक म्हणणार नाही. सोय हवी असेल तर जरूर घ्या. घरी करायचं असेल तर एका मिलीत साधारण 20 थेंब बसतात हे लक्षात ठेवा. 10 मिली तिळाच्या किंवा बदामाच्या तेलात इसेन्शियल ऑइलचे 4 थेंब घातले की सुमारे 2 टक्क्यांचं मिश्रण होतं, आणि मोठ्या माणसाच्या अंगाला चोळायला तेवढं पुरे. सासूबाईंनी चोळलेल्या बाटलीत खरा मोगऱ्याचा अर्क असता, तरी तो न पातळ करता लावणं ही चूकच ठरली असती.

कागदावर थेंब टाकून शुद्धता ओळखता येते, असं अनेकजण सांगतात. तिन्ही बाटल्यांचा एकेक थेंब मी कोऱ्या कागदावर टाकला. दुसऱ्या दिवशी रोल-ऑनचा तेलकट डाग तसाच होता, 420 रुपयांच्या लॅव्हेंडरचा डाग जवळपास उडाला होता. पण 160 रुपयांच्या बाटलीचाही उडाला होता. या चाचणीतून आत न उडणारं तेल मिसळलं आहे का, एवढंच कळतं. कृत्रिम लिनालूल कागदावरून तसंच उडून जातं. उलट वाळा, चंदन, पॅचुली यांची अस्सल तेलंही सावकाश उडतात, काहींचा रंग मागे राहतो, म्हणून डाग दिसला की भेसळ असंही म्हणता येत नाही. पक्कं उत्तर प्रयोगशाळेतल्या गॅस क्रोमॅटोग्राफीतूनच मिळतं. चांगले उत्पादक बॅचनुसार तो अहवाल मागितल्यावर देतात. अहवालावरचा बॅच क्रमांक आणि बाटलीवरचा क्रमांक एकच आहे ना, तेवढं पाहा.

मग लेबलवर सगळं छापलेलं का नसतं? याचं उत्तर नियमांतच आहे. अंगाला लावायचं उत्पादन सौंदर्यप्रसाधन म्हणून विकलं तर सौंदर्यप्रसाधन नियम 2020 लागू होतात. त्यांत घटकांची यादी छापायला सांगितली आहे. 1 टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने आधी, बाकीचे त्यानंतर कुठल्याही क्रमाने. पण त्याच नियमात एक सूट आहे. 60 मिलीपेक्षा लहान बाटलीवर ही यादी नसली तरी चालते. लिपस्टिकसारख्या इवल्याशा वस्तूवर जागा नसते हे समजू शकतं. मात्र इसेन्शियल ऑइल विकलं जातं तेच 10 आणि 15 मिलीच्या बाटल्यांत. ज्या तेलाचे चार थेंब पुरतात, ज्याची लहान बाटलीच सर्वांत तीव्र असते, नेमकं तेच या सवलतीतून निसटतं. आणि तीच बाटली ‘खोलीच्या सुवासासाठी’ म्हणून विकली, तर ती सौंदर्यप्रसाधन राहतच नाही. मग वजन-मापाच्या नियमांपुरतं किंमत, माप, महिना, पत्ता आणि ग्राहक सेवेचा क्रमांक छापला की काम भागतं. सासूबाईंच्या बाटलीच्या मागे नेमकं तेवढंच होतं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. इसेन्शियल ऑइल, फ्रॅग्रन्स ऑइल आणि ब्लेंड यांना ही लहान बाटलीची सवलत मिळू नये. बाटलीवर जागा नसेल तर खोक्यावर छापा, आतल्या कागदावर छापा. पुढच्या बाजूला तीनपैकी कुठली वस्तू आहे ते ठळक अक्षरांत लिहा, आणि ब्लेंड असेल तर इसेन्शियल ऑइलची टक्केवारीही द्या. रोल-ऑनच्या उत्पादकाने कुणी न सांगता 10 मिलीच्या बाटलीवर हे केलं, तर इतरांना ते अवघड नाही.

नियम बदलेपर्यंत आपल्या हातात एक गोष्ट आहे. ज्या बाटलीवर वनस्पतीचं पूर्ण शास्त्रीय नाव नाही, घटक नाहीत, ती बाटली अंगाला लावू नका, मग पुढे कितीही टक्के शुद्धता छापलेली असो. आणि लावल्यानंतर त्रास झालाच, तर डॉक्टरांकडे जाताना बाटली सोबत न्या. ते जे पहिलं विचारतील, त्याचं उत्तर त्या बाटलीवर असायला हवं.