झोपेची गोळी सोडताना

अल्प्राझोलामची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी दोन वर्षे रोज रात्री घेणाऱ्या एखाद्या बेंगळुरूच्या गृहिणीची कल्पना करा. ती बेळगावला माहेरी जाते आणि डॉक्टरांची चिठ्ठी घरीच राहते. औषधविक्रेता चिठ्ठीवाचून गोळी देत नाही, आणि २०१४ पासून ही औषधे एच-१ अनुसूचीत असल्याने त्याचे वागणे नियमाला धरूनच आहे. "बरे झाले, सवय तरी सुटेल," असे माहेरची मंडळी म्हणतात. येथेच घात होतो.

मेंदूला शांत करणारे गाबा नावाचे एक द्रव्य आपल्या शरीरातच असते. ही गोळी त्याचा प्रभाव वाढविते. पण महिनोन्‌महिने ती घेतल्यावर मेंदू त्या मदतीला सरावतो आणि स्वतःचा लगाम सैल सोडतो. गोळी एकाएकी थांबली की उत्तेजनाला आवर घालणारे फारसे काही उरत नाही. अल्प्राझोलाम शरीरातून लवकर निघून जाते, म्हणून एकदोन दिवसांतच हात कापू लागतात, घाम सुटतो, आवाज व उजेड सोसत नाही. १९६१ साली अमेरिकेत लिओ हॉलिस्टर यांनी याच जातीचे एक औषध फार मोठ्या मात्रेत घेणाऱ्या अकरा रुग्णांचे औषध अचानक बंद केले, तेव्हा दहांना नव्या तक्रारी उद्भवल्या आणि दोघांना सातव्या-आठव्या दिवशी झटके आले. (आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही.) नेहमीच्या मात्रेत झटके क्वचित येतात, पण ते कोणाला येतील, हे आधी ओळखता येत नाही.

म्हणून मात्रा पायरीपायरीने उतरवितात. आपल्या गृहिणीला डॉक्टर कदाचित शरीरात दीर्घकाळ टिकणाऱ्या डायझेपामवर आणतील. अर्ध्या मिलिग्रॅमच्या जागी त्याचे सुमारे दहा मिलिग्रॅम लागतात. मग दर पंधरवड्यास एकेक मिलिग्रॅम कमी करीत पाचपर्यंत यावयाचे. त्यापुढे एक मिलिग्रॅमची घट म्हणजे एकदम पाचवा हिस्सा होतो, म्हणून पायरी अर्ध्या मिलिग्रॅमची करावयाची. या हिशेबाने सारे मिळून तीस आठवडे लागतात. वृद्धांना व यकृताच्या रोग्यांना मात्र डायझेपाम साचून त्रास देते. त्यांची मूळची गोळीच हळूहळू उतरवितात.

एखाद्या पायरीवर झोप उडाली, छाती धडधडू लागली, तर तेथेच दोनतीन आठवडे थांबावे. वेळापत्रकाचा हट्ट धरू नये. ही बेचैनी बहुधा थोड्या दिवसांत ओसरते, मूळचा आजार मात्र ओसरत नाही, आणि त्यावरून डॉक्टर दोहोंतील भेद ओळखतात. परंतु भ्रम झाला, नसलेली माणसे दिसू लागली किंवा झटका आला, तर त्याच घटकेस रुग्णालय गाठावे. एरवी सल्ल्यासाठी बेंगळुरूकरांना निम्हान्स आहे. इतरांना १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर विचारता येते.