साबणाची वही कुठंय?

राजूरकरांनो, जरा स्पष्ट बोलतो. राग आला तरी चालेल.

आपल्याकडं सकाळी डेअरीत दोन लिटर दूध घातलं तरी फॅट लागते, एसएनएफ लागतो, त्याची पावती निघते. पावती नाही मिळाली तर आपण काटेवाल्याशी भांडतो. आणि लेकराच्या अंगाला लावायचा घरगुती साबण बाजारात, प्रदर्शनात, भंडारदऱ्याच्या पर्यटकांना विकला जातो, तेव्हा तो कुठल्या घाण्याचा, कधी ओतला, कशाचा केला, याची एका ओळीची नोंद नसते. विचारलं की उत्तर ठरलेलं, "घरचंच आहे ओ, केमिकल नाही."

केमिकल नाही? कॉस्टिक सोड्याशिवाय साबणाची वडी होतच नाही. नीट मोजला तर तो तेलात पूर्ण मुरतो. प्रश्न त्या मोजण्याचाच आहे.

हिशोब करून बघू. ७०० ग्रॅम खोबरेल आणि ३०० ग्रॅम करंज तेल घेतलं. खोबरेलाला किलोमागं सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक लागतं, करंजाला सुमारे १३०. म्हणजे दोन्ही मिळून १६७. थोडं तेल मोकळं राहावं म्हणून पाच टक्के कमी करायचं, झाले १५९ ग्रॅम. आता खोबरेल महागलं म्हणून कुणी प्रमाण उलटं केलं, ३०० खोबरेल आणि ७०० करंज, पण कॉस्टिक सवयीनं १५९ च टाकलं. या तेलाला पूर्ण मुरवायलाच १४६ पुरतं. उरलेलं १३ ग्रॅम कॉस्टिक वडीत तसंच बसलं. वडी दिसायला छान, वासाला छान, अंगाला लावली की आग.

पावसाळ्यात उलटं होतं. आपल्याकडच्या दमट हवेत उघड्या डब्यातलं कॉस्टिक पाणी ओढतं. काट्यावर १५९ भरतं, पण त्यातलं काही पाणीच असतं. मग साबण मऊ, तेलकट राहतो.

आता महिन्याभरानं गिऱ्हाईक आलं, "हाताला खाज सुटली." त्या महिन्यात चार घाणे काढलेत. कुठला परत मागवणार? वही असेल तर चाळीस वड्या मागं घ्यायच्या. नसेल तर सगळ्याच घ्याव्या लागतात, नाहीतर गप्प बसायचं. बहुतेक जण गप्प बसतात, हे माझं म्हणणं आहे.

वहीत लिहायचं तरी किती? घाण्याचा नंबर, तारीख, प्रत्येक तेलाचं वजन, कॉस्टिकचं वजन आणि ते कुठल्या पुड्यातलं, वड्या किती निघाल्या. चार ते सहा आठवडे वाळल्यावर फेसाला पीएच पट्टी लावून आकडा लिहायचा. ९ ते १० ठीक. ११ च्या पुढं गेला तर तो घाणा विकायचा नाही. आणि प्रत्येक घाण्याच्या दोन वड्या घरात ठेवायच्या, एक कपाटात, एक पत्र्याखाली उकाड्यात. महिन्याला वास, रंग, वजन बघून लिहायचं. केशरी डाग पडले, खवट वास आला की तेल नासलं समजायचं. "वर्षभर टिकतो" असं छापायचा हक्क त्या वड्यांनी वर्ष काढल्यावरच मिळतो.

काही ताई म्हणतील, कोरफड जेलही असंच तपासू. नाही जमणार. ज्यात पाणी आहे त्यात जंतू वाढतात, ते पट्टीत दिसत नाहीत आणि वासही उशिरा येतो. त्याला प्रयोगशाळेतली जंतूंची तपासणीच लागते. ती परवडत नसेल तर जेल विकू नये.

२०२३ मध्ये अकोल्याची बातमी आली होती (विदर्भातलं अकोला, आपलं अकोले नव्हे). आई आणि दोन मुली, तिघींच्या किडनीला त्रास. ब्यूटीशियनकडून घेतलेलं क्रीम लावत होत्या. त्यात पारा होता, आणि तो मुंबईच्या केईएमच्या डॉक्टरांना तपासणी करून शोधावा लागला. डब्यात काय आहे हे विकणाऱ्याच्या वहीतून कळायला हवं, पेशंटच्या रक्तातून नाही.

"गरीब बायकांच्या पोटावर पाय देता का?" असं कमेंटमध्ये येणारच. माझा राग ताईंवर कमी आहे. तीन दिवसांत साबण शिकवून, फोटो काढून, प्रमाणपत्र वाटून निघून जाणाऱ्या प्रशिक्षकांवर जास्त आहे. साचे देतात, सुगंध देतात, वही देत नाहीत. विक्रीसाठी साबण करायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, उद्यमची नोंदणी पुरत नाही, हेही सांगत नाहीत. साबणावर बॅच नंबरऐवजी महिना-वर्ष छापलं तरी चालतं अशी सवलत नियमांत आहे. पण महिन्यात चार घाणे काढणाऱ्याला ती काय कामाची?

ज्या गटांना पुढचं प्रशिक्षण घ्यायचंय त्यांनी आधी विचारा : वजनकाटा एक ग्रॅमचा आहे का, पीएच पट्टी आहे का, परवान्याचा अर्ज भरून देणार का. आणि बाजारात वडी घेणाऱ्यांनी उलटून नंबर बघा. नसेल तर ताईंना वही मागा.