साक्याची तक्रार आणि बागायतदाराचे उत्तर

वाशिष्ठी नदी समुद्रास मिळते त्या मुखाशी, दाभोळच्या समोरच्या काठावर अंजनवेल हे गाव वसलेले आहे. गोपाळगडाच्या परिसरातील जांभ्या कातळावर व उतारांवर हापूसच्या बागा आहेत. पूर्वी येथील आंबा मुंबईच्या अडत्याकडे जात असे आणि फळ कसे निघाले याची वार्ता बागायतदारास कळलीच तर ती हिशेबपट्टीतील कमी झालेल्या रकमेवरून कळे. फळ कोणी खाल्ले आणि ते त्यास कसे लागले, हे समजण्याचा मार्ग नव्हता. आज जे बागायतदार मोबाईलवर मागणी घेऊन पेटी थेट पुण्या-मुंबईच्या घरी पाठवितात, त्यांना हा मार्ग मोकळा झाला आहे. परंतु त्याच मार्गाने कडू शब्दही येतात व ते चारचौघांत येतात. गूगलच्या नकाशावर बागेच्या नावाखाली ग्राहक तारे देतो व अभिप्राय लिहितो. तो अभिप्राय पुढील प्रत्येक ग्राहकास दिसतो, आणि त्याखाली बागायतदाराने दिलेले उत्तरही दिसते.

हे उत्तर लिहिताना बहुतेकांची चूक एकाच ठिकाणी होते. फळात नेमके काय झाले याचा शोध घेण्यापूर्वीच उत्तर लिहिले जाते.

एक उदाहरण घेऊ. समजा, अंजनवेलच्या एका बागायतदाराने एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यातील ग्राहकास दोन डझनांची पेटी २,४०० रुपयांस पाठविली. दहा दिवसांनी एक तारा व पुढील मजकूर आला : “पैसे पाण्यात गेले. वरून सुंदर, आतून पांढरे आणि आंबट. सहा आंबे फेकून दिले. हा रत्नागिरीचा हापूस नव्हेच.” बागायतदाराच्या घरातील तरुण मुलाने त्याच रात्री उत्तर टंकले : “आमचा माल अस्सल आहे. तुम्ही फळे फ्रीजमध्ये ठेवली असतील. खोटी बदनामी करू नये.” हे उत्तर प्रसिद्ध झाले असते तर ग्राहक गेलाच असता, शिवाय पुढील मोसमात पेटी मागवू पाहणाऱ्या प्रत्येकाने ते वाचले असते व आपली फळे खराब निघाल्यास आपणासही असेच बोलून घ्यावे लागेल, असे ताडले असते.

वास्तविक त्या ग्राहकाच्या चार वाक्यांत रोगाचे निदान स्पष्ट लिहिलेले आहे. वरून सुंदर, आतून पांढरे व आंबट, हे साक्याचे वर्णन होय. साका झालेल्या फळाची साल, रंग व वास निर्दोष असतात. कापल्यावर मात्र कोयीलगतचा गर फिकट, स्पंजासारखा व आंबट आढळतो आणि कधी त्यात पोकळीही असते. फळ कच्चे असताना फ्रीजमध्ये ठेवल्यास निराळी लक्षणे दिसतात. साल काळवंडते, तिच्यावर डाग पडतात आणि फळ नीट पिकत नाही. देठकुज असेल तर देठाभोवती तपकिरी-काळे वलय पडून ते खाली पसरते, करप्याचे डाग काळे व किंचित खोलगट असतात, आणि वाहतुकीत दबलेले फळ एका बाजूस मऊ पडते. कोवळे तोडलेले फळ पिकताना सुरकुतते. यांपैकी प्रत्येक दोषाची जबाबदारी निरनिराळ्या ठिकाणी पडते. म्हणून अभिप्राय वाचल्यावर पहिले काम फळाची लक्षणे जुळवून पाहण्याचे आहे, आणि लक्षणे पुरेशी नसतील तर ग्राहकाकडून अख्ख्या व कापलेल्या फळाचे छायाचित्र मागविण्याचे आहे.

दुसरे काम वहीचे आहे. कोणती पेटी, कोणत्या दिवशीच्या तोडणीची, बागेच्या कोणत्या भागातील आणि केव्हा रवाना झाली, हे ज्याच्या वहीत लिहिलेले असते, त्याला तक्रारीचे मूळ पाच मिनिटांत सापडते. उदाहरणातील बागायतदाराने वही पाहिली तेव्हा ती पेटी कातळावरील उघड्या तुकड्यातील निघाली. त्या तुकड्यातील फळे त्या वेळी झाडावर जास्त पक्व होईपर्यंत राखलेली होती. साका होण्यास जमिनीतून निघणारी उष्णता आणि फळाची अतिपक्वता या दोन गोष्टी कारणीभूत होतात, असे आढळून आले आहे. म्हणूनच चौदा आणे तयार झालेले फळ तोडावे, सोळा आण्यांची वाट पाहू नये, अशी शिफारस कोकणात केली जाते. तेव्हा ग्राहक खोटे बोलत नव्हता. त्याने काढलेला निष्कर्ष तेवढा चुकला होता. फळ हापूसच होते, किंबहुना हापूस होते म्हणूनच त्यात साका झाला होता. परंतु ही गोष्ट उत्तराच्या आरंभी सांगितल्यास ती वाद घातल्यासारखी वाटते. तिला स्थान असेल तर ते शेवटी, एका वाक्यापुरते.

अशा प्रसंगी पुढील उत्तर योग्य ठरेल :

“नमस्कार. पेटीतील सहा फळे आतून पांढरी व आंबट निघाली हे वाचून वाईट वाटले. आपली गैरसोय झाली, त्याबद्दल क्षमा असावी. आपण लिहिलेली लक्षणे साक्याची आहेत. हा दोष बाहेरून दिसत नाही. तथापि फळ आमच्या बागेतील असल्याने जबाबदारी आमचीच आहे. सहा फळांची किंमत परत करावी, की पुढील तोडणीतून तितकी फळे पाठवावीत, हे कृपया पेटीतील चिठ्ठीवरच्या क्रमांकावर कळवावे. ही पेटी ज्या तुकड्यातील होती तेथील फळे यापुढे लवकर तोडीत आहोत.”

या उत्तरात ग्राहकाचे नाव, पत्ता अथवा दूरध्वनी नाही. ते उघड्यावर लिहिणे अनुचित होय. सबबी नाहीत. “काही फळे” असे मोघम न लिहिता ग्राहकाने सांगितलेली सहा ही संख्या तशीच घेतली आहे, त्यामुळे आपले म्हणणे वाचले गेले हे त्यास कळते. पैसे व पत्ता यांचे बोलणे खासगीत नेले आहे. सहा फळांची किंमत ६०० रुपये होते. बागायतदारास ती रक्कम जड वाटेल. परंतु हा ग्राहक दरवर्षी एक पेटी घेणारा असेल तर दुसऱ्याच वर्षी त्याच्याकडून २,४०० रुपयांची मागणी येऊ शकते, आणि ती मिळविण्यास नवी जाहिरात करावी लागत नाही.

उत्तर किती लवकर द्यावे? ई-वाणिज्य संस्थांसाठी केंद्र सरकारने २०२० साली केलेल्या नियमांत तक्रारीची पोच ४८ तासांत देण्याचे व एका महिन्यात निवारण करण्याचे बंधन घातले आहे. गावातील एकट्या बागायतदारास ते लागू पडो वा न पडो, ४८ तासांचे माप उत्तम आहे. रागाच्या भरात रात्री लिहिलेले सकाळी पुन्हा वाचण्यास तेवढा अवधी पुरतो, आणि वही पाहण्यासही पुरतो.

येथे एका मोहापासून सावध राहणे इष्ट होय. पैसे परत करताना “आता तो अभिप्राय काढून टाका” अशी अट घालण्याची बुद्धी अनेकांना होते. गूगलच्या नियमांनुसार सूट, भेटवस्तू किंवा पैसे देऊन वाईट अभिप्राय बदलविणे वा काढविणे निषिद्ध आहे. नुकसान भरून देणे योग्यच आहे. मात्र त्यास अट जोडली की त्याच व्यवहाराचे स्वरूप पालटते. आपल्या आप्तेष्टांकडून पाच-पाच तारे लिहवून घेणे हाही त्याच जातीचा प्रकार होय, आणि एकाच आठवड्यात एकाच धाटणीची स्तुती आलेली वाचणाऱ्यांच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही. समाधान झालेला ग्राहक कित्येकदा आपण होऊन अभिप्राय बदलतो. न बदलल्यास बागायतदाराचे उत्तर त्याखाली उभे असतेच.

प्रत्येक तक्रार खरी असते असेही नाही. आपल्या वहीत ज्याची नोंदच नाही असा मनुष्य लिहू शकतो. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्यानंतरही परप्रांतीय आंबा रत्नागिरीच्या नावाने खपविणारे आहेत, आणि त्या मालाचा राग चुकीच्या बागेवर निघू शकतो. तेथेही “ही पेटी आमच्या नोंदीत सापडत नाही; पेटीवरील छापाचे छायाचित्र पाठविल्यास शोध घेऊ” एवढेच लिहावे. खोटेपणाचा आरोप करू नये. शिवीगाळ किंवा उघड बनावट असल्यास गूगलकडे कळविण्याची सोय आहे. केवळ तारे कमी मिळाले म्हणून ती वापरून काही उपयोग होत नाही.

परंतु ग्राहक खऱ्या अर्थाने परत येतो तो उत्तराने नव्हे, तर पुढील पेटीने. साका बाहेरून ओळखता येत नसल्याने त्यावर एक साधा उपाय करता येण्यासारखा आहे. प्रत्येक तोडणीतील प्रत्येक तुकड्याची दहा-बारा फळे घरच्या अढीत राखून ठेवावीत. ती ग्राहकाच्या घरच्या फळांबरोबरच पिकतात. ती कापून पाहावीत व किती फळांत साका निघाला ते वहीत मांडावे. दहांपैकी तीन-चार फळे सदोष निघाल्यास त्या तोडणीच्या सर्व ग्राहकांना, त्यांनी लिहिण्यापूर्वीच, बागायतदाराने आपण होऊन दूरध्वनी करावा व भरपाई देऊ करावी. असा दूरध्वनी आलेल्या ग्राहकास चारचौघांत लिहिण्याचे कारण फारसे उरत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बागायतदारांस अशी वही आखून दिल्यास तिचा उपयोग तक्रारीपुरता राहणार नाही. कोणत्या तुकड्यात झाडाखाली वाळलेल्या गवताचे आच्छादन घालावयाचे आणि कोणत्या तुकड्याची तोडणी आधी करावयाची, हेही तीतूनच ठरेल.

पुढील वर्षी मार्चमध्ये, सर्वसाधारण निरोप धाडण्यापूर्वी, त्या पुण्याच्या ग्राहकास बागायतदाराने स्वतंत्र निरोप पाठवावा. गतवर्षी सहा फळे खराब निघाली होती. त्या तुकड्यात आता आच्छादन घातले आहे, फळे चौदा आण्यांवर तोडणार आहोत, आणि आपली इच्छा असल्यास पहिल्या तोडणीची चाचणी झाल्यावर तिचा निकाल कळवून मगच पेटी रवाना करू, एवढा मजकूर पुरे आहे. त्यात सूट देऊ करण्याची आवश्यकता नाही. काही ग्राहक यासही उत्तर देणार नाहीत. त्यांना दुसऱ्यांदा त्रास देऊ नये. जे देतील त्यांच्या पेटीत चिठ्ठी घालावी व तीवर तोडणीची तारीख, फळे पिकेपर्यंत फ्रीजबाहेर ठेवण्याची सूचना आणि तक्रार असल्यास प्रथम कोणास कळवावयाचे तो क्रमांक ठळक अक्षरांत लिहावा.