पासवर्ड बदलल्याचे पत्र आले तर

एखाद्या छोट्या कंपनीचे ॲप आपण वापरत असतो आणि एके दिवशी तिच्या संस्थापकाच्या सहीने ईमेल येतो. ‘काही खात्यांत संशयास्पद लॉगिनचे प्रयत्न दिसले. खबरदारी म्हणून आम्ही तुमचा पासवर्ड रद्द केला आहे. कृपया नवा ठेवा.’ घरात यावर दोन मते पडतात. कुणी म्हणते, फसवणूक आहे, पुसून टाका. कुणी घाईने त्यातल्याच लिंकवर बोट ठेवते. पत्र खरे असेल तर त्यामागे काय घडलेले असते, ते आधी पाहू.

प्रोग्रामर मंडळी आपले काम जिथे ठेवतात त्या ‘गिटहब’वर नोव्हेंबर २०१३ मध्ये असेच घडले. एकाच ठिकाणाहून कुणी पासवर्ड चुकवत राहिला, तर यंत्रणा त्याला अडवते. म्हणून हल्लेखोरांनी जवळपास ४० हजार वेगवेगळ्या इंटरनेट पत्त्यांवरून सावकाश प्रयत्न केले. जणू ४० हजार माणसे गल्लीत आली आणि प्रत्येकाने एखाद-दुसरीच किल्ली लावून पाहिली. पहारेकऱ्याला संशय यावा कसा? ज्यांचे पासवर्ड सोपे होते, किंवा जे दुसऱ्या संकेतस्थळांवरही तेच वापरत होते, त्यांच्यापैकी काहींची कुलुपे उघडली. गिटहबने त्यांना ईमेल पाठवले आणि त्यांचे पासवर्ड रद्द केले.

‘माझा पासवर्ड तर भक्कम होता, मग मला का पत्र?’ हा प्रश्न तेव्हाही आला असणार. गिटहबने सांगितले होते की काही भक्कम पासवर्डांची खातीही खबरदारी म्हणून बदलली, कारण त्या खात्यांत हल्ल्यातल्याच पत्त्यांवरून लॉगिन झालेले दिसले. म्हणजे असे पत्र आले की आपली चोरी झालीच असे नव्हे, पण आपल्या दाराशी कुणीतरी येऊन गेले असावे, एवढे समजावे.

आता पत्र खरे की खोटे? वरवर पाहून ठरवणे अवघड असते. मार्च २०१३ मध्ये ‘एव्हरनोट’ या टिपणे ठेवण्याच्या सेवेने सुमारे ५ कोटी वापरकर्त्यांचे पासवर्ड रद्द केले. तिच्या पत्रातच सल्ला होता की ईमेलमधल्या पासवर्ड बदलण्याच्या लिंकवर कधी जाऊ नका, थेट सेवेकडे जा. आणि त्याच पत्रातली लिंक मात्र पत्रे वाटणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या अनोळखी पत्त्यावरून जात होती! खरे पत्रही असे खोट्यासारखे दिसू शकते, आणि खोटे पत्र तर खऱ्यासारखे दिसावे म्हणूनच लिहिलेले असते. म्हणून पत्राची पारख करत बसू नये. लिंकला हात न लावता ॲप स्वतः उघडावे. पासवर्ड खरेच रद्द झाला असेल तर जुना चालणार नाही. मग तिथूनच ‘पासवर्ड विसरलो’ निवडून नवा ठेवावा. जुना चालला, तरी ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन तो बदलून टाकावा.

इथे बहुतेक जण थांबतात, पण खरे काम यापुढे आहे. कंपनी फक्त स्वतःच्या दाराचे कुलूप बदलू शकते. तोच पासवर्ड अब्बांच्या ईमेलला, अम्मीच्या खरेदीच्या ॲपला आणि मुलीच्या अभ्यासाच्या खात्याला असेल, तर ती दारे त्याच जुन्या किल्लीने उघडतात. सुरुवात ईमेलपासून करावी, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड बदलण्याची पत्रे तिथेच येतात. ईमेल ज्याच्या हाती, सारे घर त्याच्या हाती. तिथे नवा, दुसरीकडे कुठेही नसलेला पासवर्ड ठेवून ‘सर्व उपकरणांवरून लॉगआउट’ करावे, म्हणजे आत बसलेला कुणी असेल तर तोही बाहेर पडेल. मग खाते परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल नंबर आणि दुसरा ईमेल आपलाच आहे ना, हे पाहावे. परदेशी गेलेल्या भावाचा बंद पडलेला नंबर तिथे असेल तर तो काढावा. आपली पत्रे आपोआप दुसऱ्या पत्त्यावर जाण्याची सोय कुणी करून ठेवली नाही ना, हेही तपासावे. पासवर्ड बदलला तरी ती सोय चालूच राहू शकते.

अलीकडच्या लॉगिनची यादी पाहताना एक लक्षात असू द्या. मोबाइल इंटरनेटवर चिपळूणचा फोनही कधी मुंबईत दिसतो. त्यामुळे केवळ गाव वेगळे दिसले म्हणून घाबरू नये. न ओळखीचा फोन किंवा संगणक, आणि घरातले सगळे झोपलेले असतानाची वेळ, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर मात्र कुणीतरी आत आले होते असे समजून, त्या खात्यातून काय गेले असेल याचा त्याच दिवशी शोध घ्यावा.