अम्मींची चमचाभर दालचिनी

माधवनगरच्या एका भगिनींनी विचारलंय: शुगरसाठी अम्मी रोज सकाळी चमचाभर दालचिनीची पूड कोमट पाण्यातून घेतात, चालेल का?

आधी ती पूड कोणत्या सालीची, ते पाहा. जाड, कडक, एकाच थराची साल म्हणजे कॅशिया. बाजारात बहुतेक हीच मिळते. खरी दालचिनी पातळ असते, एकात एक थर गुंडाळलेली, बोटांनी चुरते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ ही जात खऱ्या दालचिनीचीच. दळलेली पूड मात्र नजरेनं ओळखता येत नाही.

कॅशियात कूमरिन असतं, ग्रॅममागे साधारण ३ मिलिग्रॅम. खऱ्या दालचिनीत नाममात्र. युरोपातल्या तज्ज्ञांनी रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिग्रॅम ठेवली आहे. अम्मींचं वजन ६० किलो धरलं तर ६ मिलिग्रॅम, म्हणजे दोनच ग्रॅम पूड. चमचा भरून घेतली की अडीच-तीन ग्रॅम होते. एखाद्या दिवशी जास्त गेली तर बिघडत नाही. महिनोन्‌महिने घेतली तर काही जणांच्या यकृताला त्रास होतो, आणि बंद केल्यावर तो बहुधा कमी होतो. बिर्याणीतल्या तुकड्याची चिंता नको.

लघवी गडद किंवा डोळे पिवळे दिसले तर पूड थांबवून लगेच डॉक्टरांकडे न्या. शुगरची गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका.